एक्केचाळीस चिठ्ठ्या

कॉलेजात तिला सगळे शेवाळबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं ती शिकवत होती, तीही दर वर्षी नव्याने हातात पडणाऱ्या कंत्राटावर. भिंतीच्या ओलीवर, नळाखालच्या फरशीवर, मोरीच्या कडेला जे हिरवं उगवतं आणि ज्याला बाकी जग ब्रशने खरवडून काढतं, तेच तिचं संशोधन. असल्या विषयावर कोण मरमर करतो, असं तुम्ही म्हणाल. ती करायची.

तिच्याजवळ एक यादी होती. आपण जे जे लिहिलं आणि जे जे छापून आलं, त्याची. पहिल्या लेखापासून सुरुवात करून, नवीन काही आलं की ती खाली पुढचा क्रमांक टाकायची. अठरा वर्षांत ती यादी एक्केचाळीसवर पोचली होती. सासरच्या माणसांनी ‘तू नक्की करतेस काय गं?’ असं विचारलं की ती म्हणायची, ‘माझी एक्केचाळीस प्रकाशनं आहेत.’ आकडा ऐकून माणसं गप्प बसत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या विभागात कायम नोकरीची एक जागा निघाली. बाई अठ्ठेचाळीस वर्षांची. वयाची मर्यादा पन्नास. पुढची जागा निघेपर्यंत ती अर्ज भरायलाही पात्र राहणार नव्हती, हे सांगायला ज्योतिषी नको होता. जाहिरातीत दोन अटी ठळक छापल्या होत्या. समीक्षित नियतकालिकांत, म्हणजे ज्यात लेख छापण्याआधी त्या विषयातले दोन-तीन जाणकार तो तपासतात अशा नियतकालिकांत, किमान सात लेख हवेत. आणि प्रकाशनांची यादी प्रकारवार द्यायची, प्रत्येक प्रकारात सगळ्यात नवीन वर, सगळ्यात जुनं खाली. सरमिसळ यादी आली तर अर्ज बाद.

‘सात ना?’ नवरा म्हणाला. ‘तुझी तर एक्केचाळीस आहेत.’ तो औषधांच्या दुकानात कामाला होता. बायकोच्या विषयातलं त्याला काही कळत नसे, पण बायकोवर त्याचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाचंच तिला त्या दिवशी ओझं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ग्रंथालयात गेली. तिथले ग्रंथपाल नियमाला असे पक्के, की दुसऱ्या दिवशी परत करायचं पुस्तक प्राचार्यांकडेही तिसऱ्या दिवशी मागायला जात. त्यांनी यादी नाकाजवळ धरून वाचली, वाचताना दोनदा हूं केलं आणि म्हणाले, ‘बाई, कॉम्प्युटरवर हे होणार नाही. चिठ्ठ्या करा. एका प्रकाशनाची एक चिठ्ठी. वर्ष कोपऱ्यात मोठं लिहा.’

वाचनाच्या लांब टेबलावर एक्केचाळीस चिठ्ठ्या पसरल्या. ग्रंथपाल सर एकेक उचलत, ‘हे कुठे छापलं?’ विचारत, आणि उत्तराप्रमाणे ढिगात टाकत. ‘काय लिहिलंय हे बघायचं नाही, कुठे छापलंय ते बघायचं,’ ते म्हणाले. ‘लेख कितीही चांगला असू दे, वर्तमानपत्रात आला तर तो वर्तमानपत्राच्याच ढिगात.’

वर्तमानपत्रांचा ढीग भराभर वाढला. बागेतलं शेवाळ, टाकीतलं शेवाळ, पावसाळ्यात घर कोरडं कसं ठेवावं. चौदा. मग परिषदांत वाचलेल्या निबंधांचे नुसते सारांश, दहा-दहा ओळींचे. बारा. त्यातले चार तर असे, की तेच काम पुढे लेख म्हणूनही आलं होतं.

‘ही म्हैस दोनदा मोजलीत,’ सर म्हणाले.

‘दोन्ही छापून आलं होतं ना.’

‘आलं होतं. लिहायलाही हरकत नाही. फक्त वेगवेगळ्या ढिगात लिहिलं की कळतं, म्हैस एकच आहे.’

परिषदांच्या खंडांत पूर्ण छापलेले निबंध पाच. संपादित पुस्तकांतली प्रकरणं तीन. विद्यार्थ्यांसाठी केलेली प्रात्यक्षिकांची पुस्तिका एक. शेवटी समीक्षित लेखांचा ढीग उरला, आणि त्याला ढीग म्हणणंही जिवावर यावं. सर मोजत होते तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. सहा.

तिने स्वतः पुन्हा मोजलं. चिठ्ठ्या सहाच होत्या. मग टेबलाखाली वाकून पाहिलं, कुठे पडली असेल तर. पडली नव्हती. इतकी वर्षं एका ओळीखाली दुसरी ओळ लिहिताना ह्या बाईने कधी हे मोजलंच नाही? नाही मोजलं. माणूस नको ते मोजत नाही, ही साधी गोष्ट आहे.

‘एक पाठवलेला आहे,’ ती म्हणाली. ‘मागच्याच महिन्यात.’

‘स्वीकारल्याचं पत्र आहे?’

‘नाही.’

‘मग तो वेगळा, “पाठवलेला” म्हणून. मोजणीत नाही.’

सरांनी परिषदेच्या ढिगातून एक चिठ्ठी उचलली. सहा वर्षांपूर्वीचा तो निबंध होता, बावीस पानांचा. बाईंचं सगळ्यात चांगलं काम. ते आतल्या कपाटातून तो खंड घेऊन आले. जर तो एखाद्या नियतकालिकाचा विशेषांक म्हणून निघाला असता आणि जाणकारांनी निबंध तपासला असता, तर तो लेखांत बसला असता. दोघांनी मिळून पहिली चार पानं पाहिली. पुस्तकाला असतो तो क्रमांक होता, नियतकालिकाचा नव्हता. निबंध कोणी तपासले, याबद्दल एक अक्षर नव्हतं. उलट, ‘निबंध आले तसे छापले आहेत’ असं संयोजकांनी प्रस्तावनेत मोठ्या नम्रतेने लिहिलं होतं. मेल्यांना नम्रता तिथेच सुचायची होती.

सरांनी खंड मिटला. मग इकडेतिकडे बघून ती चिठ्ठी हळूच सहांच्या ढिगावर ठेवली. ज्या माणसाने आयुष्यात कधी कोणाचा दंड माफ केला नाही, त्याने.

‘असू दे,’ ते म्हणाले. ‘कोण उघडून बघतंय?’

तिने चिठ्ठीकडे खूप वेळ पाहिलं. सात. सातच लागतात. मग तिने ती उचलून परत पाचांत ठेवली.

‘सर, उद्या कोणी उघडून बघितलं, तर माझे ते सहाही खोटे ठरतील हो. ते खरे आहेत.’

सरांनी चष्मा पुसला. मग एकदम आठवून म्हणाले, ‘अहो, आणि तो भिंतींच्या ओलीवरचा? चार वर्षांपूर्वी आपल्याच विभागातून आला. चांगल्या नियतकालिकात. मी वाचलाय. प्रत्येक वाक्य तुमचं होतं. त्याची चिठ्ठी कुठाय?’

‘त्याच्यावर माझं नाव नाही.’

‘का?’

‘कंत्राटी माणसाला मार्गदर्शक होता येत नाही ना. विद्यार्थी विभागप्रमुखांच्या नावावर होता. दोन नावं पुरेत, असं ते म्हणाले. मीच म्हटलं, राहू दे.’

‘असे किती?’

ती बोटांवर मोजायला लागली, आणि पाचव्या बोटावर थांबली. सहा म्हणावं लागलं असतं.

मग लावालावी. सहा चिठ्ठ्या, नवीन वर. एकाच वर्षाच्या दोन होत्या, त्यांतली नंतरच्या महिन्यातली वर गेली. जुन्या यादीत पहिला लेख पहिला होता. तरुणपणी, लग्नाआधी लिहिलेला, आणि यादी तिथून उत्साहाने खाली धावायची. आता सगळं उलटं झालं. लेख या मथळ्याखाली पहिल्या ओळीतच नऊ वर्षांपूर्वीचं साल आलं. त्याच्या वर काही नाही. ह्या नऊ वर्षांत तिने रोज सहा तास शिकवलं, दुसऱ्यांचे प्रबंध सुधारले, दुसऱ्यांच्या लेखांतली वाक्यं सरळ केली, आणि त्यातलं काहीही कुठल्याच ढिगात बसत नव्हतं. प्रत्येक प्रकारात क्रमांक पुन्हा एकपासून. एक्केचाळीस हा आकडाच उरला नाही. सगळ्यात मोठा आकडा आता चौदा होता, घर कोरडं ठेवण्याच्या लेखांचा.

‘पाच मिनिटं बसते,’ ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं ठेवून रडली. सरांनी दाराला आतून कडी घातली. कधी नव्हे ते ग्रंथालय कामकाजाच्या वेळात बंद राहिलं.

‘तरी तू दे अर्ज,’ घरी नवरा म्हणाला. ‘सहा आणि सातात असा काय फरक?’ त्याला समजावण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने अर्ज केला. आशा अशी नव्हतीच. पण अर्जच न करता वय उलटलं, तर उरलेल्या जन्मात स्वतःला काय सांगणार?

यादी मात्र तिने अशी केली, की बघत राहावं. लेख, प्रकरणं, पुस्तिका, परिषदेतले पूर्ण निबंध, सारांश, वर्तमानपत्रं. प्रत्येक मथळा ठळक, प्रत्येक साल एका रेषेत, प्रत्येक ओळीत तिचं नाव गडद. पाठवलेला लेख वेगळ्या कागदावर, त्याच्यापुढे तसं स्पष्ट लिहिलेलं.

कार्यालयाच्या खिडकीत अर्ज तपासणारे कारकून बसले होते. त्यांच्यापुढे ढीगभर अर्ज, आणि सकाळपासून त्यांचं डोकं उठलेलं. कोणी पुस्तकांच्या मथळ्याखाली लेख घुसडलेला, कोणी सालंच लिहिली नव्हती, एकाने तर स्वतःच्या लग्नाची पत्रिका सोडून सगळं छापील जोडलं होतं. बाईंची यादी हातात आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. पेन्सिलीचं टोक पहिल्या मथळ्याखालून खाली सरकलं. इतर कोणाची यादी मोजायला त्यांना अर्धा तास लागला असता. तिची मोजायला दहा सेकंदही लागले नाहीत.

‘सहा आहेत, मॅडम.’

‘हो.’

‘सात लागतात.’

‘माहीत आहे.’

त्यांनी वर पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. ‘मग मी आत्ताच अपात्र लिहितो. उगाच महिनाभर वाट बघायला नको तुम्हाला.’ त्यांनी लिहिलं, सही केली, पण कागद परत देईनात.

‘एक विचारू का, मॅडम? राग मानू नका. सकाळपासून एवढे अर्ज आले, एकालाही यादी लावता येत नाही. ही इतकी नीट आहे. हिची झेरॉक्स इथे बाहेर लावली, नमुना म्हणून, तर बाकीच्यांना कळेल. तुमचं नाव दिसणार नाही, त्याच्यावर कागद चिकटवतो मी.’

मागे रांगेत पंधरा-वीस जण उभे होते. तिच्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांतल्या कोणाकडे तरी सात असतील, आणि आता ते नीट लावलेही जातील. तिला काहीतरी कडू बोलायचं होतं. इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं.

‘लावा,’ ती म्हणाली. ‘पण चिकटवायचं तर प्रत्येक ओळीत चिकटवावं लागेल. एक्केचाळीस ठिकाणी आहे ते.’

‘चालेल की,’ कारकून खूश होऊन म्हणाले, आणि डिंकाची बाटली शोधायला लागले.