नम्र विनंती नसलेलं पत्र

सोसायटीत सगळे त्यांना विनंतीकाका म्हणत. सेक्रेटरी म्हणून त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला: ‘सहकार्य करावे ही नम्र विनंती.’ पत्र स्वतः नेऊन द्यायचे, चहा घ्यायचे आणि उठताना म्हणायचे, "फार मनावर घेऊ नका." लोकही घेत नसत.

एके सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आल्या. "काका, स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालंय. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेगही गेलीय."

काका त्यांच्या खालच्या घरी गेले. तिथं राहायचा काकांचा कॅरमचा जुना जोडीदार, निवृत्त बँकवाला. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत गायब होती.

"सूनबाईंना मोकळं किचन हवं होतं," बँकवाला खुशीत म्हणाला. "घरातलीच भिंत, तिला कसली परवानगी?"

"अरे, आपली इमारत विटांच्या भिंतींवर उभीय, खांब नाहीत. वरच्यांचा भार हिच्यावर असला तर?"

"कंत्राटदार म्हणाला, काही होत नाही."

"ज्यानं पाडली, तो दुसरं काय म्हणणार?"

संध्याकाळी समितीनं ठराव केला आणि काका पत्र लिहायला बसले. काम तात्काळ थांबवावे. नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून उद्याच पाहणी करून घ्यावी, ते सांगतील तसे टेकू लावावेत आणि भिंत भार पेलणारी होती का, याचा सही-शिक्क्याचा अहवाल द्यावा. शेवटी हात सवयीनं ‘नम्र वि’पर्यंत गेला.

"खोडा ते," मागून काकू म्हणाल्या. "तुमची विनंती लोक चहाबरोबर गिळतात. वर बाईंची लेकरं झोपतात."

काकांनी खोडलं, पत्र पुन्हा स्वच्छ लिहिलं. नेऊन दिलं, पोचेवर सही घेतली आणि दारातूनच वळले.

"चहा?" बँकवाल्यानं विचारलं.

"आज नको."

त्यानं पत्र उलटंपालटं करून पाहिलं. "विनंती कुठंय? आपल्यात आता असली पत्रं?"

काकांच्या घशाशी ‘मनावर घेऊ नका’ आलं होतं. ते म्हणाले, "या वेळी मनावर घे."

त्या दिवशी बँकवाला कॅरमला आला नाही. काका एकटेच सोंगट्या लावत बसले.

पण विनंतीकाकांनी विनंती केली नाही, हे त्याला खुपत राहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यानंच इंजिनीअर बाईंना आणलं. त्यांनी दोन्ही घरं पाहिली, भेगेवर खुणा केल्या आणि लोखंडी टेकू लावून घेतले. अहवालात स्पष्ट होतं: भिंत भार पेलणारी होती; तिच्या जागी पोलादी तुळई बसेपर्यंत टेकू हलवू नयेत.

अहवालाला बँकवाल्यानं एक चिठ्ठी जोडली होती. ‘हॉलमध्ये टेकूंचं जंगल झालंय. तरी मधे कॅरम बोर्ड मावतो. संध्याकाळी यावे, ही नम्र विनंती.’

काकांनी ती काकूंना वाचून दाखवली.

"मग? मनावर घेणार का?" काकूंनी विचारलं.

काका चपला शोधत होते.