टॉवेलची नाडी

दाक्षायणीला खोटं लिहिता येत नसे, आणि ऑनलाइन माल विकणाऱ्या दुकानात हा गुण म्हणजे दुखणंच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका गाळ्यात वेणीमाधवचा दवाखान्याच्या सामानाचा धंदा. वाफेची यंत्रं, कुबड्या, कमरेचे पट्टे, बीपीची मशीन. यातल्या प्रत्येक वस्तूची माहिती वेबसाइटवर लिहायची ती दाक्षायणीनं. ती एकटी, चाळिशीची, जुळे सोलापुरातनं स्कूटीवर यायची. डबा खाताना बोलायची नाही आणि लिहिताना बोलूच द्यायची नाही. मालक तिला टरकून असे, हे त्यानं कबूल केलं नसतं तरी गाळ्यातल्या झुरळांनाही ठाऊक होतं.

तरी बीपीच्या मशीनची जुनी माहिती मालकानं स्वतः लिहिलेली. "बटण दाबा, जिवाचा हाल जाणा! शंभर टक्के अचूक." ती दिसली की दाक्षायणीच्या कपाळाची शीर उडायची. शंभर टक्के! अहो, डब्यातल्या पुस्तिकेत कंपनीच काय म्हणते ते तरी वाचा की.

त्या सकाळी मालकानं हात टेकले. "करा बाई तुमच्या मनासारखं. पण फोटो नवे काढा."

फोटोला हात पाहिजे. मालकाच्या दंडाला पट्टा पुरेना. बावीस ते बत्तीस सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी तो, आणि मालकाचा दंड म्हणजे दंड नव्हेच. स्वतःच्या हाताला बांधावा तर फोटो कोण काढणार? मालकानं काढलेले सगळे हललेले यायचे. मग तिनं शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातला एक जाड टॉवेल घट्ट गुंडाळला, त्यावर पट्टा बांधला आणि भिंतीला टेकलेल्या लोखंडी टेबलावर ठेवला. पडदा उजळलेला दिसावा म्हणून बटण दाबलं. भिंतीपलीकडं टॉवेल विणणारे लूम धडधडत होते, रोजच्यासारखे.

पट्टा फुगला, हळूहळू उतरला. पडद्यावर E आलं, म्हणजे एरर. येणारच, टॉवेलला कुठली नाडी? उजेड नीट पडेना म्हणून तिनं परत दाबलं. परत E. आणखी एकदा दाबलं, तेव्हा मशीननं बीप केलं आणि आकडे दाखवले. एकशे अठरा, शहात्तर. खाली नाडीचा आकडा, आणि शेजारी ते बारकं हृदयाचं चित्र, लुकलुकत.

दाक्षायणीनं टॉवेलला बोट लावून बघितलं. मऊ होता, गार होता. वेडी कुठली, म्हणून स्वतःलाच हसली, पण हसू काही नीट आलं नाही. दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटखाली, टेबलावरचा टॉवेल जिवंत माणसासारखा पडला होता आणि मशीन त्याची तब्येत उत्तम आहे म्हणत होतं.

जेवणाच्या सुट्टीत लूम थांबले. गाळा एकदम बहिरा झाला. तिनं पुन्हा बटण दाबलं. E. पुन्हा पुन्हा दाबलं, तरी E च. मग तिच्या ध्यानात आलं. मशीनला रक्त दिसत नाही. पट्ट्यातल्या हवेची थरथर तेवढी कळते. लूमची धडधड भिंतीतनं टेबलात, टेबलातनं पट्ट्यात शिरत होती, आणि एखाद्या वेळी मशीन तिलाच ठोका समजत होतं. हादऱ्याच्या जागी मोजू नका, असं पुस्तिकेत लिहिलेलंच होतं. भुताचा उलगडा झाला, तरी तिला डबा काही गेला नाही.

लूम पुन्हा सुरू झाले आणि नागव्वा आली. साठीची, कपाळ मोकळं, हातात पिशवी, पिशवीत त्यांच्याच दुकानाचं मशीन.

"परत करायचंय का, मावशी?" मालकानं विचारलं.

"न्हाय. इचारायचंय." तिनं मशीन टेबलावर ठेवलं. "आमचं मालक गेलं पंदरा दिसामागं. डाक्टर म्हनतो रातीच गेलं, झोपेत. पर मी सकाळी ह्ये लावलं हुतं की! चांगला आकडा आला. म्हनून म्या म्हनलं, झोपू दे, आन् दूध आनाया गेले. आले तर..." तिनं पदर तोंडाशी धरला. "खरं कोन, डाक्टर का मशीन? म्या जित्या मानसाला टाकून गेले का?"

मालक घाईनं म्हणाला, "मावशी, मशीन उत्तम आहे, शंभर टक्के..."

"मालक, गप बसा जरा," दाक्षायणी म्हणाली.

तिला दोन्हीकडून मरण होतं. आकडा खरा म्हणावं, तर ही बाई जन्मभर स्वतःला खात बसणार. खोटा म्हणावं, तर सांगायचं काय हिला? की बाई, तू गेलेल्या माणसाच्या हाताला पट्टा बांधलास आणि बरं वाटलं म्हणून पांघरूण नीट केलंस?

"मावशी, पहिल्यांदा लावलं तेव्हाच आकडा आला का?"

"न्हाय. आदी ते उलट्या तीनावानी आलं, दोनदा. म्या म्हनलं सेल गेलं. कोपऱ्यावरच्या दुकानातनं चार नवं आनलं. बदललं, तवा आकडा आला."

"सेल संपले तर सेलचं चित्र येतं, मावशी. ती खूण म्हणजे ठोका सापडला नाही." दाक्षायणीनं भिंतीकडं बघितलं. "तुमच्या घराला लागून लूम आहेत?"

"भिंतीलाच. मालकांची खाट त्याच भिंतीला."

"सेल आणायला गेलात तेव्हा चालू होते?"

नागव्वा आठवत राहिली. "जाताना बंद हुते. येताना धडधड सुरू झालेली."

दाक्षायणीनं तो टॉवेल पुढं ओढला, पट्टा बांधलेला तसाच, आणि बटण दाबलं. E. नागव्वा एकटक बघत होती. पुन्हा दाबलं, E. मालकाच्या कपाळावर घाम आला होता. चौथ्या वेळी बीप झालं, आकडे उजळले आणि हृदय लुकलुकायला लागलं.

"अगं बाई," नागव्वा पुटपुटली. तिनं टॉवेलवर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. "आसंच. आसाच गार हुता हात. मला वाटलं थंडीनं." मग ती रडली, मोकळं, मोठ्यांदा. "म्हंजी म्या दुधाला गेले तवा त्येंनी माजी वाट बघितली न्हाय. आदीच गेलं हुतं."

"हो, मावशी. आधीच."

मालक कॉम्प्युटरकडं गेला, आपली जुनी माहिती त्यानं स्वतःच्या हातानं पुसली आणि खुर्ची मोकळी करून दिली. दाक्षायणीनं लिहिलं: पट्ट्यातल्या दाबाची अचूकता अधिक-उणे तीन मिलिमीटर पारा, नाडीची अधिक-उणे पाच टक्के, ही कंपनीच्या चाचणीतली. हालचालीत किंवा हादऱ्याच्या जागी आकडा चुकू शकतो. दंडाचा घेर बावीस ते बत्तीस सेंटिमीटर. चार एए अल्कलाइन सेल, सोबत दिलेले नाहीत. हे यंत्र मोजतं, निदान करत नाही. आकडा काहीही असो, माणूस बरा वाटत नसेल तर डॉक्टरांना बोलवा.

ती लिहीत होती तोवर नागव्वा बसून होती. जाईल असं वाटलं, पण गेली नाही.

"पोरी, माजंबी डोकं गरगरतंय आठ दीस. बघतीस का लावून?"

"बघते. पण बाहेर चला, झाडाखाली, हितं हादरा बसतो. आणि आकडा काहीही येऊ दे, मग स्कूटीवर दवाखान्यात जायचं."

बाहेर कडुलिंबाच्या पारावर नागव्वा टेकली. पाच मिनिटं शांत बसवून दाक्षायणीनं पट्टा उलगडला, तशी म्हातारीनं हात मागं घेतला.

"आदी हात धर माजा," ती म्हणाली. "गरम हाय का बघ."

दाक्षायणीनं मशीन बाजूला ठेवलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"गरम आहे, मावशी," ती म्हणाली.