सुलभाताईंचा सरळ प्रश्न

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथ पश्चिमेला भाजी घेत होते. हार्टअ‍ॅटॅक. बावन्न म्हणजे काही जायचं वय नाही... रस्त्यातच मला भीती वाटली, आता आपल्यावर लक्ष कोण ठेवणार?

उल्हासनगरात जीन्सच्या ऑनलाइन ऑर्डरींच्या तक्रारी ऐकायचं आमचं ऑफिस. दिवसभर शिव्या खायच्या आणि ‘जळके पापड’ या आमच्या ग्रुपवर मीम टाकून जीव हलका करायचा. सगळ्यात काळे विनोद खुद्द ताईंचे, आमच्यातल्या सगळ्यात सीनियर. “माझ्या तेराव्यालाही सर टार्गेट विचारतील” हा त्यांचाच. जांभूळ गावाहून कामाला येणारी कविताही काही कमी नव्हती. सोमवार, सर, बेचव डबा, सगळ्यांना ती धुवून काढायची.

एकदा तिनं ग्रुपवर लिहिलं, “सोमवारचं टेन्शन नाही, मी नसेनच.” मी हसरा चेहरा टाकला. ताईंनी माझा हात धरला. “हसतेस काय? यात सर कुठायत? डबा कुठाय? नुसती तीच आहे. आठ दिवस मीम टाकते, पण कुणाला उत्तर देत नाही. झोप नाही म्हणते. कालच आपली सगळी रोपं वाटून टाकली.” हे सगळं मीही पाहिलं होतं की!

आम्ही तडक रिक्षा करून तिचं घर गाठलं. कविता दारातच हसली. “अरे यार, मजाक होता.” ताई तिच्याजवळ बसल्या. “कविता, मरायचं मनात येतं का गं?” मी ताईंना खुणेनं थांबवायला गेले. असं विचारलं तर नसलेलं डोक्यात शिरेल, असंच मी समजत होते. पण कविता म्हणाली, “रोज येतं, ताई.” आणि रडत सुटली. ताईंनी उपदेश केला नाही. तिच्या भावाला बोलावलं, तो येईपर्यंत तिला एकटं सोडलं नाही, सकाळी मनोविकारतज्ज्ञांकडे सोबत गेल्या. कविता हळूहळू सावरली. सरांवरचे मीम पुन्हा सुरू झाले, तेव्हा ताई डोळे पुसत हसल्या होत्या.

ताई जाऊन आता महिना होत आला. दोन आठवडे मला धड झोप नाही, कामात लक्ष नाही. परवा मी ग्रुपवर टाकलं, “ताई, शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवा.” भराभर हसरे चेहरे आले. कविताचा आला नाही, तिचा फोन आला.

“हा ताईंवरचा विनोद नाहीये, यात नुसती तूच आहेस. सरळ विचारते, मरायचं मनात येतं का?”

मी हसायला गेले, हसूच फुटेना. भीती वाटत होती, तरी खरं बोलले. “येतं.”

“दार उघडं ठेव,” कविता म्हणाली, “आणि फोन ठेवू नकोस. मी निघालेय.”