शेपटीकडे बारीक होत गेलेली बोरमाळ

दुसऱ्या जर्मन लढाईच्या आदल्या वर्षी थोरल्या भावानं म्हशाच्या जत्रेत बैलजोडी विकली आणि तसाच मुरबाडच्या सोनाराकडं जाऊन पोरीच्या लग्नाची बोरमाळ एकदम घेतली. भाव तेव्हा तोळ्याला पस्तीसच्या आसपास. माझी पोर त्याच्या पोरीच्याच वयाची. पण माझ्याकडं विकायला बैल नव्हता, भातगिरणीतला पगार होता.

दादा म्हणाला, "पैसं साठव, मग एकदम घे रे. मण्यामण्यानं कुठं माळ होते?"

"माझी होईल," मी म्हणालो. दोन यत्ता शिकलो, पण हट्टात मी कुणाला हार गेलो नाय.

पगार झाला की दोन रुपये सोनाराच्या हातावर ठेवायचे आणि त्या दिवशीच्या भावानं जेवढा होईल तेवढा मणी घ्यायचा. घडणावळ प्रत्येक मण्याला वेगळी. बायको तो मणी दोऱ्यात ओवून डब्यात ठेवायची. अडचणीचा महिना कोरडा जायचा.

मग लढाई पेटली. सोनं चढलं. माझे रुपये दोनच, त्यामुळं मणी बारीक होत चालले. सोनार म्हणाला, "दोन महिन्यांचं एकदम आणा, घडणावळ तरी वाचंल."

मी मानलं नाय. घरात राहिलेला रुपया तेलामिठाला जातो, हे मला ठाऊक होतं.

लढाई संपल्यावर दोन्ही पोरींची लग्नं एकाच मांडवात ठरली. दादानं सोनाराकडं दोन्ही माळा तोलायला लावल्या. मी त्याच्यापेक्षा चाळीसेक रुपये जास्त भरले होते आणि माझी माळ पाऊण तोळा हलकी निघाली. "सांगितलं होतं ना रे!" दादा हसला. मी सोनाराला विचारलं, सगळे पैसे राखून आज घेतलं असतं तर? त्यानं भाव बघून सांगितलं, "अडीच तोळंबी नाय." माझी तर सव्वातीन होती. दादाचं हसू जरा कमी झालं. पण जड माळ त्याचीच, हे खरं.

घरी बायकोनं माळ नव्यानं ओवली. मोठे मणी छातीवर, बारीक मागं. हळदीला कुणी बाई म्हणालीच, "हिची माळ शेपटीकडं सुकली का गो?"

मला पोरीच्या तोंडाकडं बघवेना. चार बायकांत तिची मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी तर सारा खटाटोप.

पोरीनं माळ फिरवून बारीक मणी पुढं आणला. "बा, ह्यो कदीचा?"

"रेशनाचा तांदूळ मिळत नव्हता तवाचा," बायकोच बोलली. "त्या महिन्यात तुझ्या बानं इडी वढायची सोडली."

सासरी निघताना पोरीनं माळ तशीच घातली होती, बारीक मणी पुढं.