सत्तावीस रिकाम्या ओळी

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी नर्स पाठवणाऱ्या वागळे इस्टेटमधल्या त्या संस्थेत शालन गायकवाड बावीस वर्षं अर्ज उतरवून घेत होत्या. फॉर्म कागदाचा होता तेव्हाही, पीडीएफ झाला तेव्हाही. एकेक फाइल उघडायची, रुग्णाचं नाव, आजार, पत्ता एक्सेलमध्ये टाइप करायचा. अर्ज एक, ओळ एक. दिवसाला चाळीस.

यंदा ऑफिसात नव्याने आलेल्या रत्नदीपने ते काम करणारा प्रोग्रॅम लिहिला. फॉर्ममधल्या प्रत्येक चौकटीला आतून एक नाव असतं. प्रोग्रॅम त्या नावाने उत्तर उचलतो आणि त्याच नावाच्या रकान्यात ठेवतो. चारशे बारा अर्ज तीन मिनिटांत झाले.

"ताई, आता तुम्ही नुसत्या चहाला या," तो म्हणाला.

"चहा तरी नीट करतोस का तू?"

सत्तावीस ओळींत फाइलच्या नावापुढे काहीच नव्हतं. लोक पूर्वीपासून कोरा फॉर्म परत पाठवायचे, सेव्ह करायला विसरायचे. शालनताईंनी सवयीने त्या ओळी काढून टाकल्या आणि यादी नर्सेसकडे गेली.

तीन आठवड्यांनी शीळफाट्याहून विनिता भोईर यांचा फोन आला. "मॅडम, आता कोणाला पाठवू नका. हे सोमवारी गेले. फक्त एवढं सांगा, फॉर्ममध्ये काय चुकलेलं? यांनी स्वतः भरलेला. शेवटपर्यंत म्हणत होते, माझंच काहीतरी राहिलं असेल."

यादीत त्यांच्या नवऱ्याचं, सीताराम भोईर हे नाव नव्हतं. शालनताईंनी "थांबा हं" म्हणून मूळ फाइल उघडली. सगळं भरलेलं होतं. आजार, औषधं, 'दुखणं कधी वाढतं' याच्यापुढे 'पहाटे'.

त्यांनी रत्नदीपला हाक मारली. त्याने एका चौकटीवर क्लिक केलं. कर्सर उमटला नाही.

"भरून झाल्यावर प्रिंट टू पीडीएफ केलंय," तो हळू म्हणाला. "म्हणजे चौकटी गेल्या, नुसतं पान उरलं. दिसतं सगळं, पण प्रोग्रॅमला उचलायला काही नाही. मी तपासायला हवं होतं."

"उघडून बघायचं काम माझं होतं."

फोन अजून चालूच होता.

"विनिताताई, फॉर्म बरोबर होता. काही राहिलं नव्हतं. चूक आमची झाली."

विनिता म्हणाल्या, "हे त्यांना कळायला हवं होतं." आणि फोन ठेवला.

शालनताईंनी उरलेल्या सव्वीस फाइल्स एकेक करून उघडल्या. आठ खरंच कोऱ्या होत्या. अठरा भरलेल्या. त्या हाताने टाइप करत गेल्या, आणि ओळ पुरी झाली की पुढची फाइल घेण्याआधी त्या घरी फोन लावत गेल्या. प्रत्येक वेळी रिंग वाजताना त्यांचा हात कीबोर्डवरून खाली यायचा. पलीकडून "हॅलो" आलं की त्या पेशंटचं नाव घ्यायच्या आणि 'आहेत' की 'गेले' हे ऐकेपर्यंत थांबायच्या.