हे 'सगळे' राहतात कुठे?

लगोरी ऐन रंगात असताना माझी मुलगी पायरीवर येऊन बसली.

"का गं?"

"मुलींनी एवढं ओरडत पळू नये."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. सगळेच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्षाची असताना हिने काही न कळता माझ्यामागे झाडू फिरवला. मग आई होऊन बाहुलीला दटावलं. लगोरीत परवापरवापर्यंत कच्चं लिंबू होती, बाद न होणारी. आता चेंडू कोण फेकेल, कोण कुठे पळेल, सगळ्यांचे डाव डोक्यात धरून खेळते. आणि त्याच डोक्यात हे 'सगळे' घुसले! एकेकाची गचांडी धरावी, तर मेले राहतात कुठे?

तेवढ्यात तिने पायरीवर ठेवलेल्या बाहुलीचा फ्रॉक खाली ओढला. "नीट बस. लोक बघतायत."

आवाज हुबेहूब माझा होता.