भाव सांगणारा मामा

माझा मामा बँकेसाठी वस्तूंची किंमत ठरवायचा. दुकान, शेड, ट्रक, विणकामाच्या मशिनी, जे काही कर्जासाठी तारण ठेवायचं असेल ते मामा आधी जाऊन बघणार. टॉर्च मारून मशिनीच्या पोटात डोकावणार, नंबर उतरवून घेणार, मग शेजारपाजारी तशाच शेवटच्या तीन मशिनी कितीला विकल्या गेल्या ते काढणार आणि आकडा लिहिणार. अख्ख्या आयुष्यात त्याने एक पैसा खाल्ला नाही. याचा आईला फार अभिमान होता आणि मला फार राग यायचा. प्रामाणिक माणसाशी भांडताही येत नाही, हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनाच कळेल.

चांगल्या दिवसांत आमच्या गल्लीत मामाची नुसती चैन होती. गल्लीत ओळीने स्वेटर विणणारे कारखाने. कारखाने म्हणजे काय, खाली मशिनी आणि वर बिऱ्हाड. मामा आला की लोक खुर्ची पुसून द्यायचे, कारण मामाचा आकडा जेवढा मोठा तेवढं कर्ज मोठं. माझ्या आईने बारा मशिनी घेतल्या तेव्हा दर मशिनीची किंमत दोन लाख होती आणि बँकेने चौदा लाख कर्ज दिलं. भावाने बहिणीच्या मशिनी बघू नयेत असा नियम होता, म्हणून मामाने फाइल दुसऱ्याकडे दिली आणि स्वतः बाहेर ओट्यावर चहा पीत बसला. तेव्हा एक स्वेटर घाऊक बाजारात आठशेला जायचा. आई सगळं स्वेटरांत मोजायची. "साडेसतराशे स्वेटर देणं आहे," ती म्हणाली, "विणून टाकू."

मग भाव उतरू लागले. मोठ्या व्यापाऱ्यांनी ऑर्डरी कमी केल्या, पण हप्ता काही कमी झाला नाही. हप्ता भरायला पैसे हवेत म्हणून प्रत्येकाने घरातला माल मिळेल त्या भावाला काढला, आणि सगळ्यांनी एकदम काढल्यावर भाव आणखी पडला. आईने दोन बायकांना कामावरून कमी केलं. बाकीच्यांनीही तेच केलं. त्या बायका गेल्या थंडीत आमचेच स्वेटर घेऊन गेल्या होत्या. या थंडीत कोण घेणार? ज्यांच्याकडे पैसे होते ते आणखी शहाणे. पुढच्या महिन्यात स्वस्त मिळेल म्हणून थांबले.

मामा तेव्हापासून बदलला. आता बँक त्याला कर्ज देण्याआधी नाही, जप्ती करण्याआधी पाठवायची. तो येऊन गेला की पंधरा दिवसांत त्या दाराला कुलूप लागायचं. गल्लीत त्याचं नाव 'कुलूप' पडलं. लांबून तो दिसला की लोक उगाचच शटर अर्धं ओढून घ्यायचे. एकदा एका पोराने त्याच्यामागे "कुलूप आलं, कुलूप आलं" असं ओरडायला सुरुवात केली आणि त्याच्या आईने चटकन त्याचं तोंड दाबलं. मामा हसला नाही की रागावलाही नाही. वळून त्याने त्यांच्या दाराकडे बघितलं, आणि त्या बाईने पोराला आत ओढलं.

त्याने बघितलेल्या खोल्या त्याच्या डोक्यात राहायला आल्या होत्या. आमच्याकडे जेवायला बसला की घास हातात घेऊन थांबायचा. "त्या वळणावरच्याची सातवी मशीन. वंगण ताजं होतं गं," म्हणायचा. "म्हणजे सकाळी चालवली होती. मी जायच्या दिवशी सकाळी." एकदा तो आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिला आणि ओठ हलवू लागला. मी ओरडले, "मामा, खबरदार माझ्या घरातल्या वस्तूचा भाव केलास तर!" तो दचकला. पुढे तो आमच्याकडे आला की मान खाली घालूनच बसायचा, आणि ते तर मला अजिबात बघवेना.

रिकाम्या कारखान्यांत जाऊन उभं राहायची खोडही त्याला तेव्हाच लागली. किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. मशिनी उचलून नेल्यावर फरशीवर तेलाचे चौकोन उरतात, त्यांच्यामधून तो असा चालायचा जणू मशिनी अजून तिथेच आहेत, अंग चोरून. एकदा त्याला बोलवायला मी गेले तर म्हणाला, "हळू ये, तिथे मांडीला लागेल." तिथे काहीही नव्हतं. तरी खरं सांगते, मीही वळसा घालूनच गेले.

आईने दोन वर्षं एकही हप्ता चुकवला नाही. कर्ज चौदाचं दहा लाखांवर आलं. पण स्वेटर आठशेवरून पाचशेवर आला होता, म्हणजे साडेसतराशे स्वेटरांचं देणं दोन वर्षं फेडून दोन हजार स्वेटरांचं झालं. आईने ते तीनदा मोजलं. तरी मशिनींचा भाव अजून एक लाख वीस हजार होता, तारण चौदा लाखांच्या वर भरत होतं, बँकेची काही तक्रार नव्हती. तिचा जीव टांगणीला लागला होता तो हप्त्यापायी.

मामाच म्हणाला, "चिमे, चार मशिनी विकून टाक. कर्ज कमी कर, हप्ता कमी करून घेऊ. अजून भाव आहे तोवर हो मोकळी."

तो हे मायेने बोलला होता, आणि बोलला ते चूकही नव्हतं. कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असेल. गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. पण त्याच आठवड्यात गल्लीतल्या आणखी पाचजणांना हीच अक्कल सुचली होती. गिऱ्हाईक एक, विकणारे सहा. आईला मशिनीमागे सत्तर हजार मिळाले. दोन लाख ऐंशी हजार तिने त्याच दुपारी बँकेत भरले आणि घरी येऊन उरलेल्या आठ मशिनी फडक्याने पुसल्या.

मग मामाने ते केलं जे त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणीही केलं नसतं. त्याने तो सौदा आपल्या नोंदवहीत लिहिला. नडलेल्याने घाईत केलेली विक्री भाव ठरवताना धरू नये असा नियम आहे, पण धरायला दुसरी विक्रीच उरली नव्हती, सगळे नडलेलेच. पुढच्या महिन्यात समोरच्या वहिनींच्या सहा मशिनी बघायला त्याला पाठवलं तेव्हा त्याने सत्तर हजार लिहिले. वहिनींचं तारण कर्जापेक्षा कमी भरलं. महिन्याभरात त्यांच्या दाराला कुलूप.

वहिनी निघायच्या आधी आईकडे आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "तुम्ही तुमचं कर्ज फेडलंत, त्यात काही वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या भावाने माझं घर गेलं." आई म्हणाली, "दादाने नियमाप्रमाणे..." वहिनी म्हणाल्या, "तुमच्या दादाबद्दल नाही बोलत मी. तुमच्या मशिनींच्या भावाबद्दल बोलतेय."

त्यानंतर समोरच्या बंद शटरमागून मशीन चालल्याचा आवाज येतो असं आई म्हणायला लागली. भर दुपारी. मी म्हणायचे, आपलीच मशीन असेल. आई आपल्या सगळ्या मशिनी बंद करायची आणि कान देऊन उभी राहायची.

सहा महिन्यांत बँकेचं पत्र आमच्याकडे आलं. नव्याने किंमत ठरवायला एक तरुण मॅडम आल्या, फार सभ्य. त्यांनी मामाने वहिनींच्या मशिनींना लावलेलाच आकडा धरला: आठ मशिनी, सत्तर हजार, एकूण पाच लाख साठ हजार. सहा महिन्यांत भरलं ते व्याजातच गेलं होतं, कर्ज सात लाख वीस हजारच. फरक भरा, नाहीतर तारण ताब्यात. स्वेटर तीनशेवर आला होता. आईने मोजलं. चोवीसशे स्वेटर. चार मशिनी देऊन चारशे स्वेटरांनी देणं वाढलं होतं, आणि विणायला मशिनी आठच.

मामा मॅनेजरकडे गेला. मी सोबत होते. तो इतकं बोललेला मी कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, लिलाव थांबवा. एक लिलाव केला की बाकीच्या सगळ्यांचं तारण तुम्हीच कमी करता. मग त्यांचाही लिलाव. तुमचंच नुकसान आहे यात."

मॅनेजर भला माणूस होता. त्याने डोळे चोळले. "मला कळतंय हो. पण मी थांबलो आणि पलीकडची बँक थांबली नाही तर? मग मला तेवढेही मिळणार नाहीत. तीही हाच विचार करत असेल."

आठवड्याभराने मामाने बँकेच्या यादीतून आपलं नाव काढून घेतलं. का, ते लिलावाच्या सकाळी कळलं. आमच्याच कारखान्यात दहाबारा माणसं जमली होती, बहुतेक भंगारवाले. पहिल्या मशिनीला कुणीतरी पंधरा हजार म्हणालं. मागून आवाज आला, "सत्तर."

सगळे वळले. मामा भिंतीला टेकून उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून; बँकेच्या यादीत नाव असतं तर त्याला बोली लावता आली नसती. भंगारवाले हसले. कुणी पुढे बोललं नाही. मशीन त्याला मिळाली. दुसरीलाही तो म्हणाला, "सत्तर." समोर बोली लावणारं कुणी नसताना तो एकटाच भाव धरून उभा होता, जसं पडती भिंत माणसाने पाठीने रेटावी. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं. त्याची आयुष्यभराची शिल्लक दोन मशिनींत संपली. तिसरीला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. उरलेल्या सहा पंधरा-पंधरा हजारांना वजनावर गेल्या.

त्या दोन मशिनी मामाच्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवल्या. आई तिथेच पलंगाच्या कडेवर बसून कागदावर हिशेब मांडत होती. दोन लाख तीस हजार वसूल झाले होते. उरलं चार लाख नव्वद हजार, ते तिच्या नावावर तसंच. स्वेटर आता दोनशेला जात होता.

"चोवीसशे पन्नास," ती म्हणाली. "दादा, सगळं देऊन चोवीसशे पन्नास. काही चुकतंय का माझं?"

मामाने कागद घेतला. हिशेब वरपासून खालपर्यंत तपासला.

"नाही गं," तो म्हणाला. "बरोबर आहे. माझंही कुठे चुकलं नाही, प्रत्येक आकडा बरोबर होता. आणि तुला मीच बुडवलं."

आई त्याला नाही म्हणाली नाही. तेवढं खोटं तिला तेव्हा जमलं नाही. थोड्या वेळाने ती उठली, पहिल्या मशिनीत लोकरीचा धागा ओवला आणि विणायला बसली.